गोडीचं तापमान आणि आंबटाचं टोक

ऑक्टोबरच्या मध्यावर वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात आंबिया बहाराचं संत्रं तोडणीला येऊ लागतं, तेव्हा त्याची साल पुष्कळदा हिरवीच असते. सालीवर नारिंगी रंग चढायला थंड रात्री लागतात आणि विदर्भात त्या दिवाळीच्या मागेपुढे सुरू होतात. आतला रस रंगाची वाट पाहत नाही. तो आपल्या गतीने गोड होत जातो, त्यातलं आम्ल आपल्या गतीने उतरत जातं. मृग बहाराचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतं. ते हिवाळा काढून आलेलं असल्यामुळे सालीने पिवळं-केशरी झालेलं असतं, पण आत अजून आंबट असू शकतं. शिवाय हिरव्या फळाला इथिलीनच्या खोलीत ठेवून रंग आणायची सोय आता आहे. त्या खोलीत साल बदलते, रस जवळजवळ तसाच राहतो. म्हणजे नागपुरी संत्र्याच्या बाबतीत रंग पाहून पिकलेपण ठरवणं हा कमअस्सल उपाय आहे, आणि कळमना बाजारात उभ्या असलेल्या माणसाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

रंगावर भरवसा नाही म्हणून दोन आकडे काढावे लागतात. एक, रसात विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण, ज्याला आपण ब्रिक्स किंवा टीएसएस म्हणतो. दुसरा, रसाची अनुमापनीय आम्लता, म्हणजे ठरलेल्या पीएचपर्यंत नेण्यासाठी त्याला किती अल्कली पाजावी लागते ते. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की जे गुणोत्तर येतं, त्यावर फळ तोडायचं की आठवडाभर थांबायचं, आणि रसाच्या कारखान्यात कुठली खेप कुठल्या खेपेत मिसळायची, ते ठरतं. नागपुरी संत्र्यासाठी साधारण चौदाच्या आसपासचं गुणोत्तर पक्वतेचं मानलं जातं. एका आकड्यावर एवढा भार आहे, तेव्हा तो कसा निघतो हे नीट पाहायला हवं. ही पुस्तिका तेवढ्याचसाठी आहे. रसाच्या लहान कारखान्यांत तपासणीच्या टेबलाशी उभ्या राहणाऱ्यांसाठी आणि अन्नतंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींसाठी ती लिहिली आहे. नागपुरात या दोन्ही प्रकारच्या वाचकांची उणीव नाही. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, १९४२ मध्ये स्थापन झालेली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था आहे, आणि २०१४ पासून नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही आहे.

पुस्तिकेत कृती टप्प्याटप्प्याने दिली आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. या दोन मोजण्यांना आपापली एकेक नाजूक जागा आहे आणि त्या जागा वेगवेगळ्या आहेत. ब्रिक्सची नाजूक जागा तापमान. आम्लतेची नाजूक जागा, आपण नेमके कुठे थांबलो आणि बाटलीतली अल्कली खरोखर किती तीव्र होती. तापमानाची काळजी आम्लतेच्या बाबतीत आणि रंगाची काळजी ब्रिक्सच्या बाबतीत करत बसणारे लोक मी पाहिले आहेत. चुका मात्र दुसरीकडेच होत असतात.

आधी ब्रिक्स घेऊ. अडॉल्फ ब्रिक्स या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला साखरेच्या द्रावणाची घनता आणि त्यातलं वजनी प्रमाण यांचे तक्ते केले. १०० ग्रॅम द्रावणात १० ग्रॅम सुक्रोज, तर १० अंश ब्रिक्स. रिफ्रॅक्टोमीटर साखर थेट मोजत नाही. रसातून जाताना प्रकाश किती वाकतो ते तो मोजतो, आणि तेवढा प्रकाश सुक्रोजच्या किती टक्के द्रावणात वाकला असता ते पट्टीवर दाखवतो. संत्र्याच्या रसात सुक्रोजबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात, सायट्रिक आम्ल असतं, पोटॅशियमचे क्षार असतात, अमिनो आम्लं असतात. हे सगळे मिळून प्रकाश वाकवतात. म्हणून पट्टीवरचा १० म्हणजे रसात १० टक्के साखर, असं म्हणू नये. साखरेचा वाटा मोठा, पण सगळा नव्हे.

रिफ्रॅक्टोमीटरची ही पट्टी २० अंश सेल्सिअसची आहे. द्रव तापला की पसरतो, विरळ होतो आणि प्रकाश कमी वाकवतो. नुसत्या पाण्याचंच पाहा. २० अंशांना त्याचा अपवर्तनांक १.३३३० असतो, ३० अंशांना तो १.३३१९ वर येतो. फरक तिसऱ्या दशांश स्थानापाशी आहे म्हणून तो क्षुल्लक वाटतो. पण एक अंश ब्रिक्स म्हणजेच मुळात अपवर्तनांकातला सुमारे ०.००१४५ चा फरक. म्हणजे दहा अंश तापमानवाढीने पाऊण ब्रिक्स गेला. दहा ब्रिक्सच्या आसपासच्या रसात, ३० अंशांना वाचन जवळपास ०.७७ ने कमी येतं, ३५ अंशांना सुमारे १.२ ने. उलट १५ अंशांना ते ०.३ ने जास्त येतं. नागपुरात फेब्रुवारीत सकाळी १६ अंश आणि दुपारी ३३ हे नेहमीचं आहे. कोणी सकाळी यंत्र शून्यावर लावलं आणि दुपारी तसंच वापरलं, तर सव्वा ब्रिक्सची घट यंत्राच्या माथी बसेल. साडेदहाचा रस सव्वानऊ दिसेल, आणि बागवानाला सांगितलं जाईल की फळाला गोडी नाही.

यावर तीन उपाय आहेत, आणि गोंधळ होतो तो तिन्ही एकदम केल्यामुळे. पहिला उपाय तक्त्याचा. यंत्र २० अंशांसाठी बसवलेलं आहे असं गृहीत धरायचं, रसाचं तापमान नोंदवायचं आणि तक्त्यातली दुरुस्ती वाचनात मिळवायची. दुसरा उपाय पाण्याचा. ज्या तापमानाला रस तपासायचा, त्याच तापमानाच्या ऊर्ध्वपातित पाण्याने यंत्र शून्यावर आणायचं. ३० अंशांना पाण्याचं वाचन ०.७३ ने खाली जातं आणि दहा ब्रिक्सच्या रसाचं ०.७७ ने. दोहोंतला फरक इतका थोडा आहे की पाण्याने शून्य लावताच जवळजवळ सगळी दुरुस्ती आपोआप होते, उरते ती ०.०४ ची कसर. तिसरा उपाय यंत्राच्याच पोटात असतो. ज्यांच्यावर एटीसी लिहिलेलं असतं, त्या हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये दोन धातूंची एक पट्टी बसवलेली असते. तापमानाने ती वाकते आणि पट्टीचा दाखवणारा भाग तेवढा सरकवते.

हातातल्या साध्या, एटीसी नसलेल्या यंत्रात एक बारीक गंमत आहे. ० ते ३२ ब्रिक्सच्या पट्टीचं यंत्र ३२ अंशांच्या खोलीत घ्या, काचेवर पाण्याचा थेंब ठेवा आणि डोळा लावा. निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा शून्याच्या खाली, पट्टीच्या बाहेर गेलेली असते. ती दिसेनाशी झाली की माणूस हातानेच स्क्रू फिरवून तिला शून्यावर आणतो. हे करताना आपण तापमानाची दुरुस्ती करून टाकली, हे त्याच्या लक्षात येत नाही. मग तो वहीत तापमान लिहितो, भिंतीवर डकवलेला तक्ता बघतो आणि तीच दुरुस्ती दुसऱ्यांदा मिळवतो. एटीसीच्या यंत्रावर तक्ता लावणाऱ्याची चूक हीच. या दुहेरी दुरुस्तीची ओळख सोपी आहे. ९० ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात १० ग्रॅम साखर विरघळवा. बाजारातली पांढरी साखर या कामाला पुरेशी शुद्ध असते. नेहमीच्या पद्धतीने, नेहमीच्या दुरुस्तीसह हे द्रावण वाचा. उत्तर १० च्या जवळ आलं पाहिजे. उन्हाळ्यात ते ११ च्या पुढे गेलं, तर दुरुस्ती दोनदा होते आहे. ९ वर राहिलं, तर एकदाही होत नाही.

एटीसीबद्दलही थोडं सावध राहावं. हातातल्या यंत्रांची ही सोय बहुतेक १० ते ३० अंशांपुरती असते आणि तसं त्यांच्या डबीवर छापलेलंही असतं. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली यंत्र ४० अंशांना पोहोचलं की त्या पट्टीचा भरवसा संपतो. दुसरं असं, की ती पट्टी यंत्राचं तापमान ओळखते, रसाचं नाही. शीतगृहातून आत्ताच काढलेल्या, ६-७ अंशांच्या फळाचा थेंब तापलेल्या काचेवर टाकून लगेच वाचलं, तर ते वाचन कुठल्याच तापमानाचं नसतं. थेंब लहान असतो, काच जाड असते. अर्धा मिनिट थांबलं की दोघांचं तापमान एक होतं. ही तीस सेकंदं घाईच्या वेळी सगळ्यात आधी कापली जातात. रेषा सरकत असताना कोणी वाचन सांगितलं, तर त्याने वाट पाहिलेली नाही हे ओळखावं.

आता आम्लाकडे वळू. दहा मिलिलिटर गाळलेला रस, त्यात पन्नासेक मिलिलिटर उकळून थंड केलेलं ऊर्ध्वपातित पाणी, बीकरखाली चुंबकी ढवळणी आणि वर ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा. पाणी उकळायचं ते त्यातला कार्बन डायऑक्साइड घालवण्यासाठी, नाहीतर तोही थोडी अल्कली खातो. काम साधं दिसतं. प्रश्न एवढाच, की थांबायचं कुठे?

शाळेत ७ ला उदासीन म्हणायला शिकलेला विद्यार्थी ७ वर थांबतो. सायट्रिक आम्लाच्या बाबतीत ते चुकीचं आहे. त्याच्या रेणूत सुटण्याजोगे तीन प्रोटॉन असतात आणि ते तीन पायऱ्यांनी सुटतात. त्या पायऱ्यांचे पीके साधारण ३.१, ४.८ आणि ६.४. पहिले दोन प्रोटॉन ७ च्या बऱ्याच आधी निघून गेलेले असतात. तिसरा ७ वर अजून सगळा सुटलेला नसतो. रसात क्षार कितपत आहेत यावर अवलंबून, तिथे थांबल्यास आम्लता तीन-चार टक्क्यांपासून सहा टक्क्यांपर्यंत कमी भरते. पीएच ८.१ ला मात्र शंभरातला एखादा टक्काही मागे राहत नाही. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ७५० मध्ये फळांच्या रसासाठी ८.१ ठरवलेलं आहे ते यासाठीच. अमेरिकेत ८.२ धरतात, पण ८.१ आणि ८.२ यांच्यातला फरक ब्युरेटवर जेमतेम दिसतो, त्यावरून भांडू नये. वाइनच्या बाबतीत मात्र भांडणाला जागा आहे. युरोपातली ओआयव्ही ७.० वर थांबते, अमेरिका ८.२ वर, आणि नाशिकच्या एकाच बाटलीचे दोन आकडे येतात.

जास्त पुढे जाणंही वाईट. रसातल्या अमिनो आम्लांचे प्रोटॉन ८.५ च्या पुढे सुटू लागतात आणि तेही अल्कली मागतात. म्हणजे रसाचा आलेख ८ च्या पुढे नुसत्या सायट्रिक आम्लासारखा सरळ उभा चढत नाही, हळूहळू कलतो. फिनॉल्फ्थॅलिनने काम करणाऱ्याला हे नेमकं नडतं. पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनची पहिली गुलाबी झाक ८.२-८.३ ला दिसते. संत्र्याच्या रसाचा स्वतःचा रंग पिवळा-केशरी, त्यात गुलाबी मिसळलं की शेंदरी होतं, आणि 'आता शेंदरी झालं' हे दोन माणसांना दोन ठिकाणी वाटतं. बहुतेकांना ते उशिरा वाटतं, तोपर्यंत पीएच ९ ओलांडून गेलेला असतो आणि आम्लता दोन-तीन टक्क्यांनी फुगलेली असते. जांभूळ, डाळिंब, कोकम यांच्या रसात तर रंगावर विसंबून राहणं शक्यच नाही. त्यांचा लाल रंग अल्कली पडताच स्वतःच निळसर, मग हिरवट होतो. म्हणून ठरावीक पीएचपर्यंतचं टायट्रेशन, डोळ्याने नव्हे तर इलेक्ट्रोडने.

पीएचमीटर हे यंत्र जन्मलंच मुळी लिंबाच्या रसापायी. कॅलिफोर्नियात १९३४ मध्ये अर्नोल्ड बेकमन या रसायनशास्त्रज्ञाकडे त्याचा कॉलेजातला मित्र आला. तो लिंबूवर्गीय फळांच्या उत्पादकांच्या मोठ्या सहकारी संघात कामाला होता. तिथल्या लिंबाच्या रसात टिकवण्यासाठी सल्फर डायऑक्साइड घातलेला असे, त्याने लिटमसचा रंगच उडून जाई आणि आम्लता मोजता येत नसे. बेकमनने काचेच्या इलेक्ट्रोडला व्हॅक्यूम ट्यूबचं वर्धन जोडून एक पेटी करून दिली. सुरुवातीला तिचं नाव आम्लतामापीच होतं.

त्या पेटीचे आजचे वंशज हातात घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. कॅलिब्रेशन ४ आणि ७ च्या बफरवर केलं जातं, कारण त्या दोन बाटल्या हाताशी असतात. आपल्याला थांबायचं आहे ८.१ वर, ते या दोहोंच्या बाहेर पडतं. म्हणून ७ आणि ९.१८ चे बफर घ्यावेत. दुसरं म्हणजे धीर. पीएच ६ पर्यंत अल्कली सढळ हाताने सोडायला हरकत नाही. ६ च्या पुढे थेंबाथेंबाने जावं आणि प्रत्येक थेंबानंतर आकडा स्थिर होऊ द्यावा. काचेच्या इलेक्ट्रोडला, विशेषतः त्यावर रसातला चोथा आणि सालीचं तेल चढलं असेल तर, वेळ लागतो. ८.१ दिसला आणि अर्ध्या मिनिटात ७.८ वर उतरला, तर टोक अजून आलेलं नाही.

तापमानाची चिंता इथे फारशी करू नये, असं मी म्हटलं त्याचं कारण असं. इलेक्ट्रोडचा उतार २५ अंशांना प्रत्येक पीएचमागे ५९ मिलिव्होल्ट असतो, ४० अंशांना ६२. ८.१ हा ७ पासून जेमतेम १.१ एकक दूर असल्यामुळे, दुरुस्ती पूर्ण विसरलात तरी पीएचमध्ये ०.०५-०.०६ ची चूक होते. ब्युरेटवर ती एका थेंबाएवढीही भरत नाही. ज्या गोष्टीने खरं नुकसान होतं ती बाटलीत असते. कॉस्टिक सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचं कार्बोनेट होतं. ८.१ पर्यंत कार्बोनेट आपल्या ताकदीच्या निम्मंच काम करतं, त्यामुळे बाटलीची परिणामकारक तीव्रता आठवड्यागणिक उतरत जाते. लेबलावर ०.१ तसंच राहतं. त्यावर औषध एकच, पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट. ते वाळवून ०.५१०६ ग्रॅम नेमकं तोला, पाण्यात विरघळवा, आणि अल्कली जर खरोखरच ०.१ नॉर्मल असेल तर २५.० मिलिलिटर लागेल. २५.४ लागली तर ती ०.०९८४ आहे. हे दर आठवड्याला करावं आणि बाटलीवर तारखेसह लिहावं.

आता एक खेप पुरी करून पाहू. समजा, ऑक्टोबरमधली आंबियाची खेप आहे, खोलीचं तापमान ३२ अंश. वीसेक फळं वेगवेगळ्या पेट्यांतून, झाडाच्या उन्हाकडच्या आणि सावलीच्या अशा दोन्ही बाजूंची घेतली. एकट्या फळावर जाऊ नये. एकाच फळातही देठाकडच्या अर्ध्यापेक्षा तळाकडच्या अर्ध्यात ब्रिक्स जास्त असतो, म्हणून फळ पूर्ण पिळावं. रस मलमलीतून गाळला, सालीचं तेल आत जाणार नाही अशा बेताने. रिफ्रॅक्टोमीटर ३२ अंशांच्या पाण्याने शून्यावर आणला, रसाचा थेंब टाकला, अर्धा मिनिट थांबलो आणि वाचलं ९.८. टायट्रेशनला दहा मिलिलिटर रस घेतला, ८.१ यायला ११.९ मिलिलिटर अल्कली लागली, तिची तीव्रता ०.०९८४.

पाणीविरहित सायट्रिक आम्लाचं समतुल्य वजन ६४ धरून हिशेब असा:

११.९ × ०.०९८४ × ०.०६४ × १०० ÷ १० = ०.७५ ग्रॅम, १०० मिलिलिटर रसात.

गुणोत्तर ९.८ भागिले ०.७५, म्हणजे १३.१. फळ अजून थांबायला हवं. आता दुहेरी दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा हिशेब पाहा. त्याने ३२ अंशांसाठी तक्त्यातले ०.९ मिळवले, ब्रिक्स १०.७ झाला आणि गुणोत्तर १४.३. त्याच्या कागदावर खेप पास आहे, ट्रक निघाला. दुसऱ्या कोणी अल्कलीची तीव्रता न तपासता लेबलावरची ०.१ धरली. त्याला आम्लता ०.७६ आणि गुणोत्तर १२.९ मिळालं. अल्कली आणखी जुनी, ०.०९० ची असती तर हीच आम्लता ०.८३ च्या पुढे दिसली असती. आणि अशा जुन्या अल्कलीने दोन्ही चुका एकाच माणसाने केल्या तर? एक चूक गुणोत्तर वर नेते, दुसरी खाली आणते, आणि उत्तर १३ च्या जवळ येऊन बसतं. असं बरोबर दिसणारं उत्तर सगळ्यात धोक्याचं, कारण पुढच्या आठवड्यात अल्कलीची नवी बाटली उघडताच ते अचानक सरकतं आणि दोष फळाला दिला जातो.

अहवाल लिहिताना आणखी एक घोळ होतो. ब्रिक्स वजनाच्या टक्क्यात आहे, आम्लता आपण आकारमानावर काढली. ९.८ ब्रिक्सच्या रसाची घनता १.०४ च्या जवळ असते. आम्लता १०० ग्रॅम रसावर आणली की ती ०.७२ होते आणि गुणोत्तर १३.१ चं १३.६ होतं. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त एकमेकांशी तुलना करण्याजोगे नाहीत. त्याचप्रमाणे सायट्रिक आम्ल कुठलं धरलं, पाणीविरहित की एक रेणू पाण्याचं? दुसऱ्याचं समतुल्य वजन ७० आहे, तेवढ्याने ०.७५ चे ०.८२ होतात. द्राक्षाला टार्टारिक धरतात, ते ७५. गुणांक कुठला वापरला आणि कुठल्या पीएचवर थांबलो, हे अहवालाच्या तळाशी एका ओळीत लिहिलं असेल तर कारखाना आणि खरीददार यांच्यातले निम्मे फोन वाचतात.

आम्लही प्रकाश वाकवतं, पण साखरेपेक्षा कमी. त्यामुळे आंबट रसाचा ब्रिक्स किंचित कमी वाचला जातो. स्टीव्हन्स आणि बेअर यांनी १९३९ मध्ये लिंबूवर्गीय रसांसाठी यावरची दुरुस्ती दिली. दर एक टक्का सायट्रिक आम्लामागे साधारण ०.२ ब्रिक्स मिळवायचे. आपल्या वरच्या खेपेत ती ०.१५ होते. ताज्या फळाच्या तोडणीसाठी ती कोणी मिळवत नाही, मिळवू नये, कारण चौदाचा दंडक दुरुस्ती न केलेल्या वाचनावर बेतलेला आहे. पण आटवलेल्या रसात, जिथे आम्लच चार-पाच टक्के असतं, तिथे हा फरक एका ब्रिक्सपर्यंत जातो आणि ब्रिक्सवर पैसे मोजणाऱ्या खरीददाराशी व्यवहार करताना ती दुरुस्ती दोन्ही बाजूंनी मान्य केलेली असावी लागते.

टायट्रेशनमधून रसातलं सगळं आम्ल कळतं, असंही समजू नये. सायट्रिक आम्लाचा एक भाग पोटॅशियमने आधीच बांधलेला असतो आणि तो अल्कलीला दाद देत नाही. पालाशाची खतं आणि झाडाचं वय यांनी तो भाग बदलतो. जिभेला आंबट लागतं ते मुख्यतः उरलेल्या, न बांधलेल्या आम्लामुळे. त्यामुळे चवीचा अंदाज घ्यायला हा आकडा उपयोगी पडतो. फक्त एकूण सायट्रिक आम्लाच्या नावाने तो अहवालात जाऊ नये.

नागपुरी संत्र्याच्या रसाची जी सगळ्यात मोठी तक्रार आहे, ती या दोन्ही आकड्यांत कुठेच दिसत नाही. पिळल्याबरोबर गोड लागणारा रस काही तासांनी कडवट होतो. फळात ज्या रूपात असताना कडू लागत नाही तोच पदार्थ पिळल्यानंतर आम्लाच्या संपर्काने लिमोनिन होतो आणि जिभेवर उतरतो. त्या खेपेचा ब्रिक्स बदलत नाही, आम्लता बदलत नाही, गुणोत्तर आदल्या दिवशीइतकंच राहतं. म्हणून पुस्तिकेतल्या प्रत्येक नोंदीच्या तक्त्यात शेवटी एक रिकामा रकाना ठेवला आहे. तिथे चव लिहायची आहे. पिळल्यावर लगेच एकदा, आणि तोच रस झाकून थंड जागी ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा.